ई-रिक्षा घेताय? आधी बॅटरी आणि हप्ता मोजा

प्रश्न : अकोल्यात शेअर रिक्षा चालवायची आहे. ॲसिडची बॅटरी असलेली गाडी १ लाख ६५ हजारांना मिळते, लिथियमवाली २ लाख २० हजारांना. ५५ हजार जास्त द्यावेत का?

तुमची गाडी रोज किती पळणार, त्यावर हे ठरतं. ८० किलोमीटर पळणार असेल तर द्या, ३५ किलोमीटरच असेल तर देऊ नका.

ॲसिडच्या बॅटऱ्या म्हणजे १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्यांचा संच. गाडी रोज ८० किलोमीटर पळवून रात्री पूर्ण उतरलेला संच वर्षभर टिकला तरी नशीब. जुना संच परत देऊन नवीन घ्यायचा तर साधारण ४० हजार मोजावे लागतात. म्हणजे ३ वर्षांत गाडीबरोबर आलेला पहिला संच, आणि वर आणखी दोन, ८० हजारांचे. लिथियमची बॅटरी (रिक्षासाठी लोहाच्या रसायनाची, म्हणजे एलएफपी, बघून घ्या) नीट वापरली तर ही ३ वर्षं सहज काढते.

आता वीज. ॲसिडचा संच पूर्ण भरायला भिंतीच्या सॉकेटमधून साडेआठ युनिट जातात, तेवढ्याच अंतराला लिथियमला ६ युनिट पुरतात. घरच्या मीटरवर महिन्याला दीडशे-दोनशे युनिट वाढले की १०० युनिटांच्या वरचा महाग टप्पा लागतो, म्हणून युनिटला ११ रुपये धरू. रोज २५ रुपये वाचले, वर्षाला ३०० दिवस धरले, तर ३ वर्षांत साडेबावीस हजार होतात. ८० आणि २२.५ मिळून लिथियमच्या बाजूला १ लाख २ हजार ५०० आले. त्यातून जादा दिलेले ५५ हजार आणि त्यावरचं १५ हजारांच्या घरातलं व्याज वजा करा, तरी ३० हजार हाती राहतात. शिवाय संच बदलायला गाडी उभी राहते, ते दिवस वेगळे.

पण रोज ३५ किलोमीटरच असेल, म्हणजे सकाळ-संध्याकाळ बाजार आणि मधे घरी, तर ॲसिडचा संच दीड वर्ष जातो. ३ वर्षांत फक्त एकच जादा संच लागतो, ४० हजारांचा. विजेतही ९ हजारांच्या आसपासच वाचतात. एकूण ४९ हजारांसाठी ७० हजार कशाला द्यायचे?

एक जपा. लिथियमच्या नावाने स्थानिक जोडणी केलेले खोकेही विकले जातात. पावतीवर बॅटरीचा सिरियल नंबर, किती वर्षांची वॉरंटी आणि ती कोण देणार, हे लिहून मागा. डीलर "आम्हीच देतो" म्हणाला, तर डीलर बदलला की काय होणार ते विचारा. आणि ॲसिडचा चार्जर लिथियमला कधीच लावू नका.

प्रश्न : शोरूमवाला सांगतो रोज १५०० रुपये सुटतात. खरं आहे का? मी अमरावतीत सीटवर चालवणार.

१५ रुपये सीट असेल तर १५०० साठी १०० प्रवासी लागतात. ई-रिक्षात कायद्याने ४ च प्रवासी, वर ४० किलो सामान. म्हणजे २५ फेऱ्या, एकही सीट रिकामी न जाता. तुमचा रस्ता ४ किलोमीटरचा असेल तर १०० किलोमीटर झाले, आणि तेवढं एका चार्जिंगमध्ये बसत नाही. शोरूमवाल्याचा आकडा तिथेच संपला.

हिशोब असा मांडा. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, थांबण्यासकट ५० मिनिटं. साडेआठ तासांत १० खेपा, म्हणजे एका बाजूच्या २० फेऱ्या, ८० किलोमीटर. सकाळी बाजाराकडे जाताना गाडी भरते, परतताना दोघंच असतात. दुपारी दोन ते चार नुसती वाट बघायची. सरासरी अडीच प्रवासी धरले तर ५० प्रवासी, ७५० रुपये. त्यातून लिथियमच्या चार्जिंगचे ६६ रुपये, टायर-ब्रेक-सर्व्हिसिंगला ४०, विमा आणि पासिंगसाठी रोजचे ३० बाजूला. हाती ६१४ राहतात. महिन्याला २६ दिवस धरले तर १६ हजारांच्या आत-बाहेर, आणि हप्ता अजून यातूनच जायचा आहे.

अडीच हा आकडा मी धरला. तुमचा आकडा तुम्ही काढा : गाडी घेण्याआधी ज्या स्टँडवर उभं राहणार तिथे ३ दिवस, त्यातला एक रविवार, वही घेऊन बसा. प्रत्येक सुटणाऱ्या रिक्षात किती जण बसले आणि आपला नंबर यायला किती वेळ लागला, एवढंच लिहा. स्टँडवर गाड्या वाढल्या की सीट कमी होत नाहीत, थांबणं वाढतं. आणि "सहा बसवले की भागतं" हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. अपघात झाला की विम्याचा दावा अडकतो, आणि रोज जास्त वजन ओढून बॅटरी आधीच बसते.

प्रश्न : फायनान्सवाला म्हणतो फक्त १३ टक्के, १ लाख ८० हजारांवर ३० महिने, हप्ता ७ हजार ९५०. बँक १२ टक्के सांगते पण कागदपत्रं खूप. एका टक्क्यासाठी बँकेत कशाला खेटे घालायचे?

कारण फरक एका टक्क्याचा नाहीच.

फायनान्सवाल्याचे १३ टक्के सपाट आहेत. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १ लाख ८० हजारांवरच लागतं. १,८०,००० चे १३ टक्के म्हणजे वर्षाला २३,४००, अडीच वर्षांचे ५८,५००. मुद्दल अधिक व्याज २,३८,५००, भागिले ३०. हप्ता बरोबर ७,९५० येतो.

बँकेचे १२ टक्के मात्र उरलेल्या रकमेवर असतात. तेवढ्याच कर्जाला, तेवढ्याच महिन्यांना तिथे हप्ता ६,९७५ च्या आसपास बसतो. एकूण व्याज २९ हजारांच्या थोडं वर, म्हणजे अर्धंच. बँकेच्या पद्धतीने मोजलं तर फायनान्सवाल्याचे १३ टक्के २३ टक्क्यांच्या घरात जातात. त्यात ६ हजार फाईल चार्ज आधीच कापून घेतला, तर २६.

सही करण्यापूर्वी "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना ते सक्तीचं केलंय, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर. दोन ठिकाणांचे फक्त तेवढे दोन आकडे शेजारी ठेवा.

बँकेत मुद्रा योजनेचं विचारा. ५० हजारांच्या वर ५ लाखांपर्यंतचं कर्ज "किशोर" गटात येतं आणि त्याला तारण लागत नाही. खेटे पडतीलच, पण महिन्याला ९७५ रुपये, ३० महिने. अमरावतीच्या हिशोबातले रोजचे ६१४ बघता ती दीड दिवसाहून थोडी जास्तच कमाई आहे, दर महिन्याला.

प्रश्न : मी सोलापूरची. पिंक ई-रिक्षा घ्यावी की साधी टमटमसारखी ई-रिक्षा?

ताई, वयाची आणि कागदपत्रांची अट बसत असेल तर पिंक बघा. महिलांसाठीच्या या योजनेत राज्य सरकार २० टक्के देतं, १० टक्के आपले, ७० टक्के बँकेचं कर्ज, फेड ५ वर्षांत. गाडी पावणेचार लाखांची धरली तर आपले साडेसदतीस हजार, कर्ज २ लाख ६२ हजार ५००. बँकेचा दर १० टक्के धरला तर हप्ता साडेपाच हजारांच्या थोडा वर. मोठी गाडी असूनही फायनान्सच्या छोट्या गाडीपेक्षा हप्ता कमी पडतो.

फरक गाडीतही आहे. साधी ई-रिक्षा ताशी २५ किलोमीटरच्या वर जायला नको, अशी तिची कायद्यातली व्याख्याच आहे. त्यामुळे उड्डाणपूल आणि हायवेवर तिचे हाल होतात. पिंकसारखी ऑटोच्या धाटणीची इलेक्ट्रिक गाडी तिघांना घेऊन ५० च्या आसपास पळते, पूर्ण भाड्याची गिऱ्हाइकं घेता येतात. सोलापूरच्या सपाट रस्त्यावर दोन्ही चालतील. रत्नागिरीसारख्या चढाच्या गावात मी साध्या ई-रिक्षाचं नावही काढलं नसतं.

एकच : हप्ता ५ वर्षांचा आहे, तेव्हा बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची ते आधी विचारा. वॉरंटी ३ वर्षांची असेल, तर शेवटची दोन वर्षं हप्ता आणि बॅटरीचा खर्च एकदम येऊ शकतो. दिवसाला ५० रुपये पहिल्या महिन्यापासून वेगळे काढा.

प्रश्न : नागपुरात चालवतो, ॲसिडची बॅटरी. सात महिन्यांत ८५ वरून ५५ किलोमीटरवर आली. आधी मस्त चालते, मग अचानक बसते. पूर्ण संच बदलावा का?

अजून नाही. "अचानक बसते" यावरून चारपैकी एकच बॅटरी गेली असावी. चौघी एकापाठोपाठ जोडलेल्या असतात, सर्वांत कमजोर बॅटरी संपली की गाडी थांबते.

रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी निघा. चाळीसेक किलोमीटर झाले की एका मित्राला गाडी चढावर हळू चालवायला सांगा आणि मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी तपासा. तिघी १२ व्होल्टच्या आसपास आणि एक साडेदहावर उतरली, तर तीच. खात्रीसाठी पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटर लावा. चांगल्या सेलमध्ये काटा १२६० ते १२८० दाखवतो, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० नी मागे असेल तर तो मेलेला. त्या बॅटरीचा सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्ड घेऊन जा, संच घेऊन नको. वॉरंटीत बदलून मिळाली तर उत्तम. मिळाली नाही तर कोरी बॅटरी न घालता तेवढ्याच वयाची चांगली वापरलेली शोधा. नवी जुन्यांच्या सोबतीत लवकर थकते.

आणि पाण्याचं. माझ्या पहिल्या गाडीच्या डीलरने "मेंटेनन्स काही नाही" म्हणून सांगितलं होतं. सातव्या महिन्यात झाकणं उघडली तर प्लेटा कोरड्या दिसल्या, वरचा भाग पांढरा पडलेला. दर पंधरा दिवसांनी, नागपूरच्या उन्हाळ्यात दर आठवड्याला, बघा. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावर भरा. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड फुगून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढ्याच चार्जिंगआधी बुडतील इतकं घाला. मुख्य म्हणजे रात्री उशीर झाला, गाडी सकाळी चार्जिंगला लावू, असं करू नका. उतरलेली बॅटरी रात्रभर तशीच राहिली की प्लेटांवर तो पांढरा थर बसतो, आणि तो नंतर कितीही चार्ज केला तरी पूर्ण जात नाही.