रताळ्याचे चार वाण आणि लॅटिन स्क्वेअर

प्रश्न: बेळगाव तालुक्यात आमच्या रानात रताळ्याचे ४ वाण तपासायचेत. उतार एकीकडे, नाल्याची ओल दुसरीकडे. लॅटिन स्क्वेअरचा अॅनोव्हा तक्ता कसा मांडू?

उताराला आडव्या ४ ओळी, ओल ज्या दिशेने बदलते तिला आडवे ४ स्तंभ करा, म्हणजे १६ वाफे. प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच यायला हवा. मांडणी चिठ्ठ्या टाकून ठरवा, डोळ्यांनी नको. काल्पनिक आकडे घेऊन तक्ता असा:

| घटक | मुक्ततांश | वर्गबेरीज | सरासरी वर्ग | F |
|---|---|---|---|---|
| ओळी | ३ | ३० | १० | |
| स्तंभ | ३ | २४ | ८ | |
| वाण | ३ | २७ | ९ | ६.० |
| त्रुटी | ६ | ९ | १.५ | |
| एकूण | १५ | ९० | | |

५ टक्के पातळीला ३ आणि ६ मुक्ततांशांना F किमान ४.७६ हवा; आपला ६.० त्याहून मोठा, म्हणून वाणांत फरक आहे. आता स्तंभ धरलेच नसते तर? त्यांचे २४ त्रुटीत जाऊन ती ३३ झाली असती, मुक्ततांश ९. मग F जेमतेम २.४५, हवा ३.८६. ओलीने फरक गिळला असता.

पण एखादा वाण फक्त ओलीतच जोर धरत असेल, तर हा तक्ता फसवतो: ती परस्परक्रिया वेगळी निघत नाही, त्रुटीत मिसळते आणि वाणांच्या फरकातही घुसू शकते. आणि ३ वाणांवर हे करू नका, त्रुटीला २ च मुक्ततांश उरतात.