दडे उतरले म्हणजे कान सुटला असं नाही

प्रश्न: विसर्जनाला डीजेच्या गाडीजवळ होतो. दोन दिवस कानाला दडे बसले होते, शिट्टी वाजत होती. आता ठीक आहे, ऑडिओमेट्री पण नॉर्मल आली. तरी हॉटेलात, गर्दीत समोरचा काय बोलतोय ते धड कळत नाही. कानाचं खरंच काही बिघडलंय का, आणि बिघडलं असेल तर परत भरून येतं का?

उत्तर:

बिघडलेलं असू शकतं, आणि रिपोर्ट नॉर्मल आलाय एवढ्यावरून कोणी तुम्हाला "मनाचे खेळ आहेत" म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. मी स्वतः ऑडिओलॉजिस्ट आहे, रोज लोकांना त्या काचेच्या खोलीत बसवून बीप ऐकवते, आणि नेमका हाच वाद माझ्या माहेरी कितीतरी गणपती चाललाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ शाळेत असल्यापासून ताशा वाजवतो. लालबागची चाळ, त्यात मामांचा साऊंडचा धंदा, त्यामुळे आगमन, दहीहंडी, विसर्जन, देवीची मिरवणूक सगळीकडे हा एकतर ताशा गळ्यात अडकवून नाहीतर मामांच्या टेम्पोवर बॉक्सला टेकून. दर सीझनला दडे बसायचे, उशीवर डोकं टेकलं की शिट्टी, आणि दोन-तीन दिवसांनी सगळं जागेवर. मामांचं ठरलेलं वाक्य, "दडे बसले, उतरले, विषय संपला." पुढे तो परळला एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर लागला, रस्त्यालगतचं दुकान, बसचे हॉर्न, वर पंखा, समोर एका वेळी चार गिऱ्हाईकं, आणि तिथे त्याला औषधांची नावं चुकीची ऐकू यायला लागली. चिठ्ठी हातात असेल तर प्रश्न नाही, पण कोणी तोंडी सांगितलं की हा दोनदा विचारणार. मालक म्हणाला पोराचं लक्ष नसतं. घरी आई म्हणायची मोबाईलमुळे झालंय. मामा म्हणाले, "अगं रिपोर्ट काढ ना, तूच काढ, कळेल सगळ्यांना नाटकं आहेत ती."

मग काढला. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत दोन्ही कान व्यवस्थित, 4000 ला जिथे आवाजाचा मार आधी दिसतो तिथेही खड्डा नाही. मामांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. पण मी भावाला खोलीतून सोडलं नव्हतं. हेडफोनमध्ये साधे दोन अक्षरी शब्द ऐकवले, सगळे बरोबर. मग तेच शब्द, तोच आवाज, फक्त मागे दहा-बारा लोक एकदम बोलतायत असा गलका सोडला, तर "साडी"चं "गाडी" झालं, "पाणी"चं "राणी" झालं, आणि थोड्या वेळाने तो काचेतून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी तोंडापुढे कागद धरला तर गाडी अजून घसरली. त्याच्याच वयाचे इतर लोक त्याच गलक्यात बऱ्यापैकी पार पडतात.

आता हे कसं होतं ते बघा. आतल्या कानात, कॉक्लियात, दोन प्रकारच्या केसपेशी असतात. बाहेरच्या साधारण 12,000, त्या बारीक आवाज वाढवून द्यायचं काम करतात, आणि आतल्या साधारण 3,500, ज्या खरा निरोप नसेकडे पाठवतात. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुपका, त्या केसांची टोकं एकमेकांना अतिबारीक धाग्यांनी जोडलेली. आवाजाने झुपका कलला की धागा ताणला जातो आणि पेशीत विजेचा संकेत तयार होतो. प्रचंड आवाजात हे धागे तुटतात, केस वाकतात, लिबलिबीत होतात, बाहेरच्या पेशी दमतात. हेच तुमचे दडे. मार मर्यादेत असेल तर धागे परत जोडले जातात, केस सावरतात आणि दडे उतरतात, इथपर्यंत मामा बरोबर आहेत. मार जास्त असेल तर पेशीत ऑक्सिजनचे विषारी रेणू साठतात, कॅल्शियमचा तोल जातो आणि पेशी मरते, तीही लगेच नाही, डीजे बंद होऊन काही दिवस झाले तरी मरणं चालू असतं.

मेलेली पेशी माणसात परत येत नाही, ही तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू. आपल्या सगळ्या केसपेशी आईच्या पोटातच तयार होतात आणि नंतर ते दुकान कायमचं बंद. कोंबडीचं तसं नसतं, 1988 मध्ये दिसून आलं की आवाजाने केसपेशी मेल्या तर तिच्या शेजारच्या आधार देणाऱ्या पेशी विभागतात आणि त्यातून नवीन केसपेशी बनतात. आधारपेशी आपल्यालाही आहेत, पण आपल्यात त्यांचं विभागणं जन्माआधीच कुलूपबंद झालेलं असतं. शेजारची केसपेशी मेली की त्या फक्त सरकून भोक बुजवतात, म्हणजे वरचं आणि खालचं द्रव एकमेकांत मिसळून बाकीच्या पेशींचं नुकसान होऊ नये. जागा भरते, पण ऐकणारं तिथे कोणी नसतं. हे कुलूप औषधाने उघडायचे प्रयत्न चालू आहेत, अमेरिकेतल्या एका औषधाकडून फार आशा होती, ते 2023 मध्ये माणसांवरच्या चाचणीत फसलं. त्यामुळे कोणी थेंब, तेल, गोळ्या विकत असेल तर पैसे घालवू नका.

पण तुमच्या आणि माझ्या भावाच्या बाबतीत पेशी बहुतेक जिवंत आहेत, नाहीतर ऑडिओमेट्रीत दिसलं असतं. मग बिघाड कुठे? पेशीच्या खाली, जिथे ती नसेच्या तंतूंना चिकटते त्या जोडांवर. एकेका आतल्या केसपेशीला दहा ते तीस तंतू जोडलेले असतात. पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून तंतूला निरोप देते, आणि प्रचंड आवाजात ते इतकं सांडतं की तंतूचं टोक सुजून फुटतं. बॉस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 मध्ये हे उंदरांवर दाखवलं. दोन तास 100 डेसिबलचा आवाज दिला, कान आधी बधिर झाले, मग दोन आठवड्यांत ऐकण्याची पातळी पूर्ववत, केसपेशी सगळ्या जागेवर. आणि तरी वरच्या सुरांच्या भागातले जवळपास निम्मे जोड गायब, ते परत आले नाहीत, पुढच्या महिन्यांत ते तंतूसुद्धा हळूहळू वाळत गेले. म्हणजे दडे उतरले, विषय संपला नाही.

ऑडिओमेट्रीत हे का दिसत नाही? कारण ती एकच गोष्ट विचारते, शांत खोलीत सगळ्यात बारीक बीप ऐकू येतो का. त्याला थोडे तंतू पुरतात. रस्त्यावरून गाडी गेली एवढं सांगायला एक साक्षीदार बास होतो, पण पावसात, गर्दीत तिचा नंबर काय होता ते सांगायला बरेच लागतात. त्यात जे तंतू मोठ्या आवाजासाठी राखीव असतात, गलक्यात बोलणं वेगळं काढायला ज्यांची जास्त गरज असते, तेच प्राण्यांमध्ये आधी तुटताना दिसले. म्हणून शांततेत कान नॉर्मल आणि हॉटेलात बोंब. याला छुपा श्रवणदोष म्हणतात, हे नाव 2011 पासून चालू झालं.

मामांचा पुढचा मुद्दा होता, "आजोबांपासून ताशा वाजतोय, कोण बहिरं झालं?" मी विचारलं, आजोबा साठीनंतर दर वाक्याला "काय?" म्हणायचे ते काय होतं? म्हणे वय झालं होतं. असेल वय. पण याच दोन शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं होतं की तरुणपणी आवाजाचा मार खाल्लेल्या उंदरांचे कान म्हातारपणी मार न खाल्लेल्यांपेक्षा जास्त खराब होतात, मार थांबून कितीतरी काळ गेलेला असला तरी. ते वय नसतं नुसतं, त्या वयात जुनी बाकी वसूल होत असते.

आता जे मामांना सांगते तेच तुम्हाला. कामाच्या जागेसाठी अमेरिकेत जो सल्ला देतात तो 85 डेसिबल आठ तास, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला पंधरा मिनिटं, 109 ला जेमतेम दोन. बॉक्ससमोर एवढा वेळ एका गाण्याच्या निम्म्यात संपतो. आणि हे आकडेसुद्धा कायमचा बहिरेपणा डोळ्यासमोर ठेवून काढलेत, जोड तुटण्याचा हिशोब त्यात नाही, म्हणून मी त्यांना सुरक्षित म्हणत नाही. कापसाचे बोळे बिनकामाचे. फोमचा प्लग पूर्ण वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा, अर्धा बाहेर लोंबत असेल तर घातला न घातला सारखाच. वाजवणारे म्हणतात प्लग घालून ताल कळत नाही, तर त्यांच्यासाठी वादकांचे फिल्टरवाले प्लग मिळतात, सगळे सूर जवळजवळ सारखेच खाली आणतात. भाऊ तेच घालून वाजवतो आता, तालात काही फरक नाही, मामांनाही ऐकून सांगता आलेलं नाही.

तपासणीचं म्हणाल तर जिथे सोय असेल तिथे 8000 च्या वरची, 16000 पर्यंतची ऑडिओमेट्री आणि गलक्यातली शब्दचाचणी मागा. भावाला 12000 ला खाली गेलेलं दिसलं, तेव्हा कुठे तो कागद खिशातून बाहेर आला.

मात्र एक स्पष्ट सांगते, जिवंत माणसात हे जोड मोजायची खात्रीची टेस्ट अजून नाही. बेरा टेस्टमध्ये आवाजाला कानाची नस कसा विजेचा प्रतिसाद देते ते लहरींत दिसतं, त्यातली पहिली लहर बारीक दिसली तर शंका येते, पण माणसामाणसात ती इतकी वेगळी असते की त्यावरून शिक्का मारता येत नाही. मेलेल्या माणसांच्या कानांत तुटलेले जोड दिसलेत, पण तरुण, नॉर्मल ऑडिओमेट्रीवाल्या लोकांवरच्या काही अभ्यासांत आवाजाशी संबंध सापडलेला नाही. त्यामुळे माझ्या भावाचं काय किंवा तुमचं काय, "बहुतेक हेच" एवढंच म्हणता येतं. गर्दीत न कळण्याला लक्ष, झोप, मेंदूचं ध्वनी हाताळणं अशीही कारणं असतात, ती तपासून घ्या. आणि कधी एकाच कानाचं अचानक ऐकू यायचं बंद झालं तर दडे समजून वाट बघू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईएनटीकडे जा, त्याचे स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात.