आधी सोफा उलटा करा

ताई, कापड फाटलंय म्हणून सोफा भंगारात देऊ नका. निर्णय सांगाड्यावर घ्यायचा. पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट आहे; तो जमिनीलाच टेकून राहिला तर सांधे सैल आहेत.

मग सोफा उलटा करून तळाचं काळं कापड एका कोपऱ्यात उसवा. आमच्या लातूरच्या घरातल्या सागवानी सोफ्यात मला बारीक भोकं दिसली. खाली पांढरा कागद अंथरून आठवडाभर थांबले. पिठासारखी भुकटी पडली असती तर कीड जिवंत, पण कागद कोराच राहिला. फक्त बैठकीखालचे, फोमला आधार देणारे पट्टे लोंबकळले होते. पट्टे आणि फोम बदलला, सोफा आजही वापरात आहे.

बैठकीला चाळीस डेन्सिटीचा फोम मागा, हलका लवकर बसतो. रेक्झिन टाळा, आपल्याकडच्या मे महिन्यात ते अंगाला चिकटतं. मात्र वाळवीची मातीची रेघ दिसली आणि लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजलं, तर नवाच घ्या. तिथं मजुरी घालणं मला पटत नाही.