सलामाला, फतेहला, जय जिनेंद्रला उत्तर काय द्यायचं

"मूळचा साताऱ्याचा, बँकेतल्या बदलीने नांदेडला आलोय. काउंटरवर कुणी सलामालेकुम म्हणतं, कुणी सत श्री अकाल, कुणी जय जिनेंद्र. मी गडबडून नुसती मान हलवतो. सगळ्यांना नमस्कार म्हटलं तर चालेल का? की चुकीचं बोललो म्हणून कुणाला राग येईल?"

नमस्कार म्हटलात म्हणून कुणी भांडायला येणार नाही. तरी मी म्हणेन, तसं करू नका, आणि नुसती मान हलवणं तर आजच बंद करा. तुमच्यासारख्याच काउंटरवर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मौलवी नाही की ग्रंथी नाही. इथल्या लोकांमध्ये जे रूढ आहे तेच सांगतोय.

आधी सलाम, कारण खरा घोळ तिथेच होतो. सत श्री अकाल किंवा जय जिनेंद्र जसंच्या तसं परत करायचं असतं, सलाम मात्र फिरवून परत करायचा असतो. "अस्सलामु अलैकुम" आलं की "व अलैकुम अस्सलाम". आपल्याकडे रोजच्या बोलण्यात त्याचं "सलामालेकुम" आणि "वालेकुम सलाम" झालंय, तेवढं पुरे. अरबी उच्चार घोटायला बसू नका. नवीन माणूस घाईत उलट "सलामालेकुम"च म्हणतो. त्याने बिघडत काही नाही, पण चूक झाली हे लगेच कळतं: समोरचा स्वतःच "वालेकुम सलाम" म्हणून मोकळा होतो, कारण आता सलाम तुमच्याकडून गेला आणि उत्तर द्यायची पाळी त्याच्यावर आली. उजवा हात कपाळाकडे किंचित नेलात तर छानच. पैसे मोजता मोजता डावा हात उचलू नका. समोर बाई असेल तर तिने आधी हात पुढे केल्याशिवाय हस्तांदोलन नको.

नमस्काराने का भागत नाही ते सांगतो. कुराणाच्या चौथ्या सूरेत, 86व्या आयतीत सांगितलंय की तुम्हाला कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं, नाहीतर निदान तेवढंच परत करा. या वळणात वाढलेल्या माणसाला उत्तराविना राहिलेला सलाम टोचतो, वयस्कर माणसाला तर जास्तच. तो बोलून दाखवत नाही. पुढच्या वेळी सलाम करत नाही, एवढंच.

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. मी तेव्हा एका पतसंस्थेत होतो, नाव घेत नाही. मुख्यालय मराठवाड्याबाहेर. तिथून एक परिपत्रक आलं की ग्राहक काहीही म्हणो, कर्मचाऱ्याने फक्त "नमस्कार, आपलं स्वागत आहे" म्हणायचं. आमच्याकडे इतवाऱ्यातले एक चाचा यायचे, फळांचे व्यापारी. दारातूनच "सलामालेकुम साहेब" म्हणायचे, मग टोपी सरळ करून खुर्चीत बसायचे आणि पिशवीतून पासबुक काढायचे. परिपत्रकानंतर शेजारच्या काउंटरवरच्या पोराने त्यांना ते पाठ केलेलं वाक्य ऐकवायला सुरुवात केली. चाचा काही आठवडे सलाम करत राहिले. नंतर गप्प यायला लागले, नंतर मुलाच्या हाती पासबुक पाठवायला लागले आणि मुदत ठेवी संपल्या तशा एकेक करून दुसरीकडे नेल्या. मी "वालेकुम सलाम" म्हणतच राहिलो, तर मला लेखी समज मिळाली: काउंटरवर धार्मिक घोषणा देऊ नयेत. घोषणा! मी पत्र लिहिलं, भेटून सांगितलं की ही घोषणा नाही, माणूस दारात आला त्याची दखल आहे. उत्तर आलं, "सर्व ग्राहकांना समान वागणूक हे संस्थेचं धोरण आहे." त्या वर्षी माझी बढती अडली. पैशाचं नुकसान मी विसरलो. चाचांना रस्त्यात भेटल्यावर काय सांगायचं, हे कोडं मात्र आजही सुटलेलं नाही. समान वागणूक म्हणजे व्याजदर समान, रांग समान. चारचौघांनी चार तऱ्हेने केलेल्या विचारपुशीला एकच छापील वाक्य, ही समान वागणूक नव्हे.

असो. तुमच्या बँकेचा असा काही नियम असेल तर आधी शाखाधिकाऱ्यांशी बोलून घ्या, माझ्या भरवशावर नोकरीत भांडण ओढवून घेऊ नका.

सलामाबद्दल आणखी एक. तुम्ही आपणहून सलाम केलात आणि एखाद्याने नुसतं "वालेकुम" म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. मुसलमानेतरांना एवढंच उत्तर द्यावं असं मानणारी माणसं आहेत, त्यात तुमचा अपमान नसतो. नमाजला उभा असलेला माणूस तर उत्तरच देत नाही. तुम्हाला स्वतःला सलाम म्हणायला जड जात असेल तर "आदाब" म्हणा. निजामी अमलातला जुना शब्द आहे, कुणाच्याच धर्माला अडत नाही आणि आदाबाचं उत्तर आदाबच.

नांदेडला आहात म्हणजे फतेह रोज कानावर पडणार. अमृतधारी शीख बहुधा "सत श्री अकाल" न म्हणता "वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह" म्हणतात. नवखा माणूस पहिल्या अर्ध्यावर थांबून दुसरा अर्धा आपण म्हणायचा असं समजतो. तसं नाही. त्यांना पूर्ण म्हणू द्यायचं आणि हात जोडून आपणही पूर्णच म्हणायचं. गोंधळ होतो तो जयकाऱ्यामुळे. हल्लाबोलच्या मिरवणुकीत एक जण "जो बोले सो निहाल" पुकारतो आणि सगळे "सत श्री अकाल" म्हणतात, तिथे खरंच दोन भाग वाटलेले असतात. काउंटरवर "सत श्री अकाल"ला "सत श्री अकाल" एवढंच. फतेह पूर्ण येत नसेल तोवर तेही चालतं.

जय जिनेंद्रला जय जिनेंद्र, त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती विहार करत जाणारे दिगंबर मुनी रस्त्यात भेटले तर. मुनींना जय जिनेंद्र म्हणत नाहीत, "नमोस्तु" म्हणतात, आर्यिका माताजींना "वंदामि". हात जोडून थोडं अंतर ठेवून उभं राहायचं, बाईमाणसाने मुनींच्या पायाला हात लावायचा नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठवाड्यात असून "जय भीम" यादीत नाही हे मला खटकलं. त्याचं उत्तर "जय भीम"च, तेही स्पष्ट आवाजात. इथे विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसांनी घरंदारं गमावली आहेत. 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार त्यानंतरचा. अशा ठिकाणी "जय भीम"ला कुणी मुद्दाम "नमस्कार" म्हटलं की समोरच्याला त्यातली जात लगेच ऐकू येते. तुमच्या मनात काही नसलं तरी येते.

उच्चार मोबाइलवरून शिकू नका. तुमच्या शाखेत एखादा जुना शिपाई किंवा पिग्मी एजंट असेलच, गल्लोगल्ली फिरणारा. एक दिवस त्याच्या शेजारी उभे राहा आणि तो कुणाला काय म्हणतो ते ऐका. आणि रांगेतून एकदम दोघांनी वेगवेगळं म्हटलं तर ज्याने आधी म्हटलं त्याला आधी उत्तर द्या, मग दुसऱ्याला. एकाच वाक्यात दोघांना उरकू नका.