लो बॅटरी कटऑफ २१ वरून वर घ्या, पण त्याआधी मोटर इन्व्हर्टरवरून काढा

प्रश्न: माझ्याकडे २४ व्होल्टचा ३ केव्हीए सोलर हायब्रिड इन्व्हर्टर आहे, १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. आधीची जोडी दोन वर्षांत गेली. लो बॅटरी कटऑफ २१.० आहे, तो किती ठेवू? आणि पाण्याची मोटर चालू केली की ओव्हरलोडचा बझर वाजतो, तो बंद करता येतो का?

भाऊ, बझर बंद करता येतो, पण करू नका. का ते पुढे सांगतो, कारण तुमचे दोन्ही प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत. मीपण हे शिकलो ते एक जोडी घालवूनच, माझी तर दीड वर्षच टिकली.

आमच्याकडे सिन्नरजवळ रात्री लाईट गेली की कधीकधी पहाटेच येते. तेव्हा घरात चालू काय असायचं, तर दोन पंखे, तीन-चार एलईडी आणि वायफाय. एवढ्याशा लोडने बॅटरीला काय होणार, असं मला वाटायचं. झालं ते नेमकं त्या एवढ्याशा लोडनेच. २१ व्होल्ट म्हणजे एका बॅटरीला १०.५ आणि एका सेलला १.७५. हा आकडा कुठून येतो तर बॅटरीची क्षमता मोजताना ती जिथपर्यंत रिकामी करतात तिथून. म्हणजे बॅटरीवर जे १५० एएच लिहिलेलं असतं ते वीस तासांच्या हिशोबाने असेल (लेबलवर C20 बघा) तर साडेसात अँपिअरने वीस तास काढत काढत १०.५ ला आलात की १५० एएच संपले, टाकी कोरडी. ती टेस्टची शेवटची रेघ आहे, रोज तिथपर्यंत जायचं नसतं. आणि आपण रात्री तेच करतो, आठ-दहा अँपिअरने सावकाश तळापर्यंत.

आता गंमत अशी की हाच १०.५ जास्त लोडवर दिसला तर बॅटरीत अजून बराच जीव असू शकतो. बॅटरीतून करंट ओढला की तिचा व्होल्टेज तेवढ्यापुरता खाली बसतो, जेवढा जास्त करंट तेवढा जास्त. लोड काढला की परत वर येतो. म्हणून "कटऑफ किती ठेवू" याला लोड सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. कंपनीलाही हे माहिती असतं. तुमचं मॅन्युअल काढा, शेवटी स्पेसिफिकेशनच्या पानावर कटऑफचे तीन आकडे असतील. माझ्यात लोड २० टक्क्यांच्या आत असेल तर २१.०, २० ते ५० टक्के असेल तर २०.४ आणि ५० च्या वर गेला तर १९.२ असं दिलंय. अलार्म प्रत्येक ठिकाणी त्याच्या एक व्होल्ट आधी, म्हणजे कमी लोडवर २२ ला. आता कमी लोडवर २२ म्हणजे बॅटरी उताराला लागलेलीच असते, तिथून २१ ला यायला फार वेळ लागत नाही, आणि रात्री अडीच वाजता तो बझर ऐकून कोण उठतंय.

तर हिशोब करून बघू, माझ्याच घराचा. रात्रीचा लोड साधारण २०० वॅट. त्यात इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरा, आपल्या या मोठ्या हायब्रिडना ४०-५० वॅट स्वतःलाच लागतात, हे कोणी धरतच नाही. म्हणजे २४० वॅट, भागिले २४ व्होल्ट, झाले १० अँपिअर. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत म्हणून एएच १५०च राहतात, ३०० होत नाहीत (ही चूक आमच्या मेहुण्याने केली आणि बॅटरीवाल्याशी भांडून आला). निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटलं तर ७५ एएच, म्हणजे साडेसात तास. माझी रात्र त्यात आरामात निघते. १० अँपिअरवर निम्मी झालेली बॅटरी साधारण १२ व्होल्टच्या आसपास दिसते, जोडीला २४. आणि साधारण पाऊण-ऐंशी टक्के संपली की जोडी २३ च्या जवळ येते. म्हणून मी कटऑफ २३.० ठेवलाय. रोज तिथपर्यंत जात नाही, पण एखाद्या रात्री लाईट आलीच नाही तर तिथे थांबतो.

सेटिंग कसं करायचं. आधी 05 नंबरला बॅटरी टाइप USE करावा लागतो, नाहीतर पुढचा 29 नंबर उघडतच नाही. 29 म्हणजे लो डीसी कटऑफ, तिथे २३.० टाका. USE केल्यावर तो तीन आकड्यांचा प्रकार बंद होतो, लोड कितीही असो कटऑफ एकच राहतो, हे लक्षात ठेवा. आणि USE केलं की चार्जिंगचे व्होल्टेज म्हणजे 26 आणि 27 पण तुमच्या हातात येतात, ते बॅटरीच्या कागदावर दिलेत तेच भरा, तसेच सोडून देऊ नका. नंबर माझ्या मशीनचे आहेत, या धाटणीच्या बहुतेक हायब्रिडमध्ये हेच असतात पण मॅन्युअलशी जुळवून घ्या.

SBU मोडवर चालवत असाल, म्हणजे आधी सोलर मग बॅटरी मग लाईट, तर 12 नंबर त्याहून महत्त्वाचा. लाईट असताना बॅटरी कितीवर आली की ग्रिडवर जायचं ते तिथे ठरतं. फॅक्टरीतून तो २३.० असतो, मी २४.५ केलाय. लाईट घरात आहे तरी बॅटरी रोज निम्म्याच्या खाली न्यायची, कशासाठी? बिलाचे जे चार पैसे वाचतात ते बॅटरीत जातात. पण लाईटच नसेल तर 12 चा काही उपयोग नाही, तेव्हा फक्त 29 उभा असतो.

आता मोटर. तुमची एक एचपीची असावी असं धरतो. चालू असताना ती हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. तुमचा बझर वाजतो तो त्या क्षणाला. माझ्या मशीनमध्ये ११० टक्क्यांच्या वर दहा सेकंद आणि दीडशे टक्क्यांच्या वर पाच सेकंद गेले की बंद पडतो, मोटर तेवढ्यात स्पीड घेते म्हणून सुटते. तुम्हाला वाटतं चाललंय की.

पण तो बझर इन्व्हर्टरसाठी आहे, बॅटरीसाठी नाही. इन्व्हर्टरला वाटतं मी २४०० वॅटचा, त्यामुळे त्याच्या पलीकडे गेलं तरच तो ओरडणार. तोपर्यंत बॅटरीतून शंभरच्या वर अँपिअर जात असतात आणि कोणी काही बोलत नाही. १५० एएचच्या ट्युब्युलरला सतत द्यायला ३० अँपिअरपर्यंत ठीक, म्हणजे इन्व्हर्टरचा लॉस धरून ६०० वॅट. माझ्या लेखी तुमची खरी ओव्हरलोडची रेघ ६०० ला आहे आणि तिथे बझर नाही. डिस्प्लेवर लोडचे टक्के दिसतात ना, तिथे २५ च्या वर सतत काही दिसलं की समजा. मिक्सर दोन मिनिटं चालला तर चालू दे, मोटर अर्धा तास नको.

आणि इथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. तुम्ही माझं ऐकून कटऑफ २३ केला आणि मोटर तशीच ठेवली तर काय होईल. मोटर चालताना बॅटरीतून पन्नासएक अँपिअर जातात, त्याने जोडी एक-सव्वा व्होल्ट सहज खाली बसते. बॅटरी निम्मी भरलेली, २४ दाखवत होती, मोटर लावली की २२.८, कटऑफ लागला आणि सगळं घर अंधारात. मग तुम्ही मला शिव्या देत 29 परत २१ करणार. म्हणून क्रम असा की आधी मोटर, इस्त्री, गीझर हे इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढून थेट मेन लाईनवर टाकायचं, वायरमनचं एका दुपारचं काम आहे, मगच कटऑफ वर घ्यायचा. मोटर लाईट असताना चालवा, टाकी भरून ठेवा. अगदीच जमत नसेल तर 29 ला २२.० वगैरे ठेवावा लागेल, पण मग रात्रीच्या छोट्या लोडला तो आकडा फार खोल जातो. दोन्ही साधत नाही.

बझर 18 नंबरला बंद होतो, पण तो एकच बझर आहे, ओव्हरलोडचा बंद केला की लो बॅटरीचाही गेला. फरक ऐकून ओळखता येतो, माझ्यात लो बॅटरीला सेकंदाला एकदा वाजतो आणि ओव्हरलोडला अर्ध्या सेकंदाला. 06 नंबरला ओव्हरलोडनंतर आपोआप परत सुरू व्हायचं सेटिंग आहे, ते बंदच ठेवा. मोटर जाम झालेली असली तर तो पडेल आणि परत उठून परत तेच करेल. 23 मात्र चालू करा, त्याने बॅटरीवर असताना ओव्हरलोड झाला आणि लाईट असली तर लोड सरळ लाईनवर जातो.

अजून एक, आकडे बदलायच्या आधी मल्टीमीटर घेऊन बघा. मोठा लोड चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज त्यांच्या टर्मिनलवर वेगवेगळा मोजा, बेरीज करा आणि डिस्प्लेवरचा बघा. माझ्यात अर्ध्या व्होल्टचा फरक यायचा. ५० अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे २५ वॅट नुसते वायर आणि लग्जमध्ये जळतायत, हात लावला तर मधल्या जोडाचा लग गरम होता. साफ करून आवळला, ग्रीस लावलं, फरक दशांशावर आला. असा फरक असेल तर तुमचा कोणताही कटऑफ खोटा.

कटऑफ लागल्यावर घरातलं कोणी ऑफ-ऑन करून परत चालू करत असेल तर ते थांबवा. लोड गेला की व्होल्टेज वर येतो, २१ चा २३-२४ दिसतो, वाटतं बॅटरी आहे अजून. आमच्याकडे वडील हे करायचे, क्रिकेटची मॅच असली की तीन-तीन वेळा. आणि मग तशीच रिकामी बॅटरी सकाळी ऊन येईपर्यंत पडून राहायची, पावसाळ्यात तर दिवसभर अर्धवट चार्ज. प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं ते तिथे. हायड्रोमीटरने बघितलं तर फुल चार्ज दाखवूनही सेल ११८०-११९० च्या पुढे जात नव्हते, नवीन असताना १२४० यायचे.

तुमच्या नवीन जोडीचं आत्ताच, फुल चार्ज झाल्यावर, बाराही सेलचं रीडिंग घेऊन वहीत लिहून ठेवा. सेटिंग बदला, आणि दोन महिन्यांनी परत घ्या. सगळे सेल सारखेच खाली आले असतील तर चार्जिंग पुरत नाहीये, 12 अजून वर घ्या. एकच सेल मागे पडला असेल तर तो सेटिंगचा विषय नाही, वॉरंटीत दाखवा. आणि हे सगळं पाण्याच्या बॅटरीचं आहे, पुढे लिथियम घेतली तर यातला एकही आकडा वापरू नका, तिचे आकडे तिच्या बीएमएसच्या कागदावर असतात.