पहिला पैशांचा नमुना: आगळाच्या एका बाटलीचं वर्णन

*"मराठी-इंग्रजी दोन्ही बरं लिहिते. छोट्या व्यावसायिकांसाठी वेबसाइटचा मजकूर, प्रॉडक्टची वर्णनं, ब्लॉग लिहायचे आहेत, पण जो तो आधी केलेलं काम दाखवा म्हणतो. कामच नाही तर नमुने आणायचे कुठून?"*

ब्लॉगपासून सुरुवात करू नका. वर्णनांपासून करा. वर्णन शंभरेक शब्दांचं असतं, मालकाला ते लगेच तपासता येतं आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे त्याला महिनाभरात कळतं.

माझं पहिलं पैशांचं काम सिंधुदुर्गातल्या एका काका-काकूंच्या घरगुती उद्योगाचं होतं. कोकम आगळ, आमसुलं, कुळीथ पीठ असे पाच पदार्थ, एका वर्णनाचे मला ३०० रुपये. त्यांच्या साइटवर आगळाखाली लिहिलं होतं: "कोकणच्या मातीतील अस्सल, शुद्ध व आरोग्यदायी कोकम आगळ. एकदा वापरून पहाच!" हे वाक्य कुठल्याही बाटलीवर चिकटेल, म्हणून ते कुणालाच काही सांगत नाही.

मी लिहायला बसण्याआधी त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागितल्या. एक, बाटलीच्या लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो. दुसरी, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तक्रारी आणि शंका, जशा आल्या तशा. खरा माल त्या चॅटमध्ये होता. पुण्या-मुंबईची माणसं सरबत समजून बाटली मागवत होती, पाण्यात घालून पीत होती आणि "फार खारट आहे, खराब झालंय का?" असं विचारत होती. आगळ खारंच असतं, पण हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोकणातल्या माणसाला ते सांगावंसं वाटत नाही, आणि बाहेरच्याला ते माहीत नसतं. ही फट शोधणं हेच आपलं काम.

मग अर्धा तास फोनवर काकूंना विचारलं, तुम्ही स्वतः किती घालता? त्यातून हे उतरलं:

> हे खारं आगळ आहे, गोड सिरप नाही. यात रातांब्याचा रस आणि मीठ, एवढंच. एक ग्लास सोलकढीला दोन चहाचे चमचे पुरतात. वरून मीठ घालण्याआधी चव बघा. सरबत करायचं असेल तर साखर वेगळी घाला. ५०० मिलीच्या बाटलीत साधारण ५० ग्लास सोलकढी होते. बाटलीत नेहमी कोरडा चमचा घाला.

५० हा आकडा माझ्या मनचा नाही. चहाचा चमचा ५ मिली, दोन चमचे म्हणजे १० मिली, हिशेब सरळ आहे. किमतीकडे बघून बिचकणाऱ्याला हा आकडा पटतो. "अस्सल" हा शब्द मी काढला तेव्हा काका जरा नाराज झाले, पण रातांबा आणि मीठ एवढंच आहे म्हटल्यावर अस्सलपणा वेगळा सांगावा लागत नाही.

एका जागी मात्र अडून राहा. त्यांना "मधुमेहावर गुणकारी, वजन घटवते" असं हवं होतं. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो किंवा टळतो असा दावा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या जाहिरात व दाव्यांच्या २०१८ च्या नियमांत बसत नाही. नोटीस आली तर ती मालकाला येते, आणि लिहिणारी तुम्ही असता. मी नकार दिला आणि कारण सांगितलं, त्यांनी ऐकलं. वजन, घटक, किंमत हे आकडेही लेबलवरूनच उचला, फोनवर ऐकलेले नकोत.

पैसे घ्याच, थोडे का होईना. त्याआधी एका दुकानाला मी फुकट लिहून दिलं होतं. त्यांनी ते वाचलंही नाही, साइटवर टाकलंही नाही. पैसे देणारा माणूस ओळ न् ओळ वाचतो, चुका काढतो, म्हणून नमुना पक्का होतो. निम्मे पैसे आधी घ्या आणि दुरुस्त्या दोन वेळाच, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. त्याच मेसेजमध्ये "हा मजकूर मी माझं काम म्हणून दाखवू शकते ना?" हेही विचारा आणि होकार लेखी ठेवा. काम सुरू करण्याआधी जुन्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, नवं चढल्यावर दुसरा. पुढे मालक मजकूर बदलतात किंवा साइट बंद पडते, मग हातात काही उरत नाही.

ब्लॉग त्याच चॅटमधून निघतो. "आगळ आणि कोकम सिरप यात फरक काय?" ही शंका चारपाच जणांनी विचारली होती, तोच मथळा. उत्तर पहिल्या दोन ओळींत, मग सोलकढीची कृती, शेवटी बाटलीची लिंक. त्याचे मी ८०० रुपये घेतले. "आमच्याविषयी" हे पान सगळ्यात शेवटी करा. तोवर मालकाची बोलायची पद्धत तुमच्या कानात बसलेली असते.

पुढच्या गिऱ्हाइकाला पाच-सहा नमुन्यांची फाइल पाठवू नका. जुनं आणि नवं, हे दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावा आणि खाली त्याच्याच पानावरची एक अडचण लिहा: "तुमच्या कुळीथ पिठाच्या पानावर ते भाजलेलं आहे की कच्चं, हे कळत नाही." मला दुसरं काम याच एका ओळीवर मिळालं.