अनुभव नसताना इंटर्नशिपचा मेल: एकाच बिघाडावर भर द्या

प्रश्न: ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अनुभव काहीच नाही, कॉलेजचा एक ESP32 चा प्रोजेक्ट तेवढा आहे. एम्बेडेडच्या छोट्या कंपनीला इंटर्नशिपसाठी मेल कसा लिहू?

उत्तर: प्रोजेक्ट आहे ना, मग मेल त्याच्यावरच उभा करा. फक्त प्रोजेक्टचं नाव सांगून थांबू नका, कारण 'आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन' प्रत्येक कॉलेजात कुणीतरी केलेलं असतं. त्यात काय अडलं आणि ते तुम्ही कसं शोधलंत, हे सांगा. समोरचा इंजिनिअर स्वतः रोज तेच करतो, त्यामुळे खरं काम त्याला दोन ओळींत ओळखू येतं.

समजा, तुमचा मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर वाय-फाय चालू केलं की रीडिंग देईनासा झाला होता. मग मधला परिच्छेद असा होईल:

"चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये सेन्सर आणि फर्मवेअरचा भाग माझ्याकडे होता. सेन्सर GPIO 4 वर होता. वाय-फाय जोडलं की analogRead चं रीडिंग येणं बंद व्हायचं. आधी वायरिंग तपासलं, मग वाय-फाय बंद ठेवून पाहिलं तर रीडिंग बरोबर येत होतं. ती पिन ADC2 ची आहे आणि वाय-फाय चालू असताना ADC2 वापरता येत नाही, हे कागदपत्रांत सापडलं. सेन्सर GPIO 34 वर, म्हणजे ADC1 वर घेतला."

यात 'मी मेहनती आहे' कुठेच नाही, तरी ते कळतं. चौघांपैकी तुमचा भाग कोणता, हे मात्र गाळू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि जे घडलंच नाही ते लिहू नका. हे उदाहरण उचलून टाकलंत, तर 'मग बाकीच्या पिनांचं काय?' या पुढच्याच प्रश्नाला अडकाल.

या परिच्छेदाच्या आधी दोनच वाक्यं हवीत: तुम्ही कोण, आणि काय हवंय. "जानेवारी ते जून, पूर्णवेळ, पुण्यात येऊन, कॉलेजची एनओसी मिळेल" असं लिहिलं की समोरच्याला हो-नाही लगेच ठरवता येतं. नुसतं 'काही संधी असल्यास कळवा' म्हटलं तर ठरवायला त्याच्या हाती काहीच नसतं. विषयाच्या ओळीतही हेच थोडक्यात: 'एम्बेडेड इंटर्नशिप, जानेवारी–जून, ई अँड टीसी शेवटचं वर्ष'. परिच्छेदानंतर जे येत नाही तेही एका ओळीत सांगा, उदाहरणार्थ 'पीसीबी डिझाइन अजून केलेलं नाही'. त्याने वरच्या दाव्यावरचा विश्वास वाढतो.

कोडची लिंक द्याल ती इन्कॉग्निटो विंडोत उघडून पाहा. GitHub वरची रिपॉझिटरी प्रायव्हेट राहिली असेल तर तुम्हाला ती नीट दिसते, समोरच्याला 404 दिसतं. कोडमध्ये वाय-फायचा पासवर्ड राहिला असेल तर आधी राउटरवरचा पासवर्ड बदला, कारण फाइलमधून काढला तरी जुन्या कमिटमध्ये तो दिसतच राहतो.

आठवड्याने उत्तर नाही आलं, तर त्याच मेलला रिप्लाय करून एकदाच विचारा.